स्पॅम कॉल अडवायचे, पण अनोळखी नंबरवरचा गरजेचा फोन चुकवायचा नाही: कोणता उपाय कुठे चालतो

समजा, या आठवड्यात तुम्हाला तीन जणांचे फोन आहेत. एक कर्जवाला, एकाच नंबरवरून दिवसातून तीनदा वाजवणारा. दुसरा विमावाला, ज्याच्या नंबरचे सुरुवातीचे सात आकडे दरवेळी तेच असतात, शेवटचे तीन मात्र बदलतात. तिसरा फोन अजून यायचा आहे: हॉस्पिटलमधून, तपासणीच्या रिपोर्टबद्दल. तो नंबर सेव्ह नाही आणि फोन कधी येईल तेही माहीत नाही. पहिले दोघं गप्प व्हावेत आणि तिसरा वाजावा, एवढंच हवं आहे. प्रत्येक उपाय या तिघांवर लावून पाहू.

नंबर एकेक करून ब्लॉक करणं

कर्जवाल्यासाठी याहून चांगला उपाय नाही. कॉलच्या यादीत त्याचा नंबर दाबून धरा (आयफोनवर नंबरशेजारच्या गोल खुणेवर टॅप करा) आणि ब्लॉक निवडा. पुढचा कॉल वाजत नाही. त्या नंबरवरचे एसएमएससुद्धा थांबतात, हे मात्र लक्षात ठेवा. एखादं दुकान किंवा दवाखाना एकाच नंबरवरून जाहिरातही करत असेल आणि निरोपही पाठवत असेल, तर दोन्ही जातील.

विमावाल्यापुढे हा उपाय थकतो, कारण प्रत्येक कॉलला नवा नंबर. शिवाय स्क्रीनवर दिसणारा नंबर बनावट असू शकतो. असा नंबर ब्लॉक केला तर फोन करणाऱ्याचं काही बिघडत नाही. ज्याचा तो खरा नंबर आहे, त्या भलत्याच माणसाचा फोन तुमच्यापर्यंत पोचायचा थांबतो. म्हणून नियम साधा ठेवावा: एकदाच आलेला नंबर ब्लॉक करू नका, तोच दुसऱ्यांदा आला आणि तुम्ही उचलून खात्री केली, की करा.

सुरुवातीच्या आकड्यांवरून अख्खी मालिका ब्लॉक करणं

काही फोनमध्ये आणि कॉल ओळखणाऱ्या काही ॲपमध्ये ही सोय असते. विमावाला यात सापडतो. पण हिशोब करून बघा. नंबर दहा आकडी धरला आणि पहिले सात आकडे दिले, तर 1,000 नंबर बंद होतात. घाईत पाचच दिले, तर 1,00,000. मोठ्या संस्थांच्या लाइनीही सलग क्रमांकांच्या असतात, त्यामुळे जाळं जितकं मोठं, तितका हॉस्पिटलचा फोन त्यात अडकण्याचा धोका जास्त. सातपेक्षा कमी आकड्यांवर जाऊ नये. मालिका टाकूनही कॉल येतच राहिले तर देशाचा कोड तपासा: येणारा नंबर + आणि कोडसकट नोंदला जात असेल आणि तुम्ही नुसते आकडे टाकले असतील, तर दोन्ही जुळत नाहीत.

स्पॅम ओळखणारी गाळणी

गुगलच्या फोन ॲपमध्ये Caller ID & spam या पानावर दोन वेगळी बटणं आहेत आणि त्यांतला फरक महत्त्वाचा आहे. See caller & spam ID चालू असेल तर संशयित कॉल वाजतो, फक्त स्क्रीनवर इशारा दिसतो. Filter spam calls चालू केलं की तो वाजतच नाही आणि मिस्ड कॉलची सूचनाही येत नाही. नोंद फक्त कॉल हिस्टरीत सापडते. महत्त्वाच्या फोनची वाट पाहत असाल त्या काळात पहिलं चालू आणि दुसरं बंद ठेवा. अशी गाळणी बऱ्याच अंशी लोकांच्या तक्रारींवर चालते. दिवसाला शंभर जणांना फोन करणारं हॉस्पिटलचं अपॉइंटमेंट डेस्कही कुणीतरी वैतागून स्पॅम म्हणून नोंदवलेलं असू शकतं.

सगळे अनोळखी गप्प

आयफोनवरचं Silence Unknown Callers (iOS 13 पासून) कर्जवाला आणि विमावाला या दोघांनाही गप्प करतं, आणि हॉस्पिटललाही. सेव्ह असलेले, तुम्ही स्वतः आधी फोन केलेले, आणि मेल किंवा मेसेजमधून फोनने ओळखलेले नंबर तेवढे वाजतात. बाकीचे शांतपणे कॉलच्या यादीत जाऊन बसतात. इथे एक उपयोगी पळवाट आहे: हॉस्पिटलच्या नंबरवर तुम्ही स्वतः एकदा फोन करून ठेवलात, तर त्याच नंबरवरून आलेला कॉल वाजतो.

अँड्रॉइडवर याच्या उलट गैरसमज होतो. गुगलच्या फोन ॲपमध्ये Blocked numbers खाली Unknown असं बटण आहे. त्याचा अर्थ ‘सेव्ह नसलेले’ असा नाही. ते फक्त नंबर लपवून केलेले कॉल अडवतं. विमावाल्यावर त्याचा काही परिणाम होत नाही. उलट काही कार्यालयं बाहेर जाणाऱ्या कॉलवर नंबर दाखवत नाहीत, त्यांचे कॉल मात्र यात अडतात. वाट पाहत असाल तर हे बंद ठेवा.

Do Not Disturb आणि दुसऱ्या कॉलची सवलत

आमच्या मते खरा तोडगा इथे आहे. Do Not Disturb मध्ये फक्त कॉन्टॅक्टना परवानगी द्या आणि सोबत Allow repeat callers चालू ठेवा. त्याच नंबरवरून अँड्रॉइडवर 15 मिनिटांत आणि आयफोनवर 3 मिनिटांत दुसरा कॉल आला, तर तो वाजतो. निकडीचं काम असलेला माणूस लगेच पुन्हा लावतो. विमावाला पुन्हा लावतो तेव्हा नंबर बदललेला असतो, त्यामुळे तो आत येत नाही. लागोपाठ दोनदा लावणारा कर्जवाला मात्र याच दारातून आत शिरेल. म्हणून त्याचा नंबर आधी ब्लॉक करा: ब्लॉक केलेल्या नंबरला ही सवलत मिळत नाही. दोन्ही उपाय जोडीनेच वापरायचे, एकट्याने दोन्ही अपुरे. आयफोनवर त्याच वेळी Silence Unknown Callers चालू ठेवू नका, कारण त्यात दुसऱ्या कॉलला सवलत नाही.

लावून झालं की तपासून घ्या. ज्याचा नंबर तुमच्याकडे सेव्ह नाही अशा कुणाला तरी फोन करायला सांगा. पहिला कॉल शांत राहायला हवा, एका मिनिटाने केलेला दुसरा वाजायला हवा. दुसराही शांत राहिला, तर बहुधा सवलतीचं बटण बंद आहे, किंवा वेळापत्रकाने सुरू होणाऱ्या दुसऱ्याच मोडची सेटिंग लागू आहे.

या उपायाचीही एक उणीव आहे, आणि ती नेमकी हॉस्पिटलच्या बाबतीत आडवी येते. मोठ्या संस्थेचा फोन स्विचबोर्डवरून बाहेर पडतो आणि जी लाइन मोकळी असेल तिचा नंबर तुम्हाला दिसू शकतो. पहिला कॉल एका लाइनवरून आणि दुसरा भलत्याच लाइनवरून आला, तर फोनच्या लेखी तो पुन्हा आलेला कॉल नाहीच. तपासणीचा नमुना देतानाच विचारून घ्या: ‘तुमचा फोन कोणत्या नंबरवरून येईल?’ जेवढे नंबर सांगतील तेवढे एकाच कॉन्टॅक्टखाली सेव्ह करा. नक्की सांगता येत नाही असं उत्तर आलं, तर फोन येण्याच्या वेळेत, साधारण ओपीडीच्या तासांत, Do Not Disturb बंद ठेवा. कर्जवाला तेव्हाही ब्लॉकच राहील, आणि विमावाल्याचे एकदोन कॉल कापावे लागले तरी रिपोर्टचा फोन चुकणार नाही.