फोटोतल्या खिडकीत झाडं होती, आरशात भिंत

बदलीच्या गावी घर घ्यायचं होतं आणि रजा मिळत नव्हती. म्हणून चौदा फोटो पाहून, एजंटच्या शब्दावर मी टोकन देऊन टाकलं. न बघता पैसे दिले ही चूक माझीच. तरी पुढचं वाचा, कारण नीट बघणाराही यात फसू शकतो.

फोटोत बेडरूमला रुंद खिडकी, बाहेर दाट झाडं, खाली लाकडी फ्लोअरिंग होतं. प्रत्यक्षात खिडकी उघडली तर समोर शेजारच्या इमारतीची भिंत. हात पोचला नसता, पण छत्री पुढे केली असती तर टेकली असती. त्या भिंतीवरून सांडपाण्याचा पाइप खाली उतरलेला. फ्लोअरिंग वगैरे काही नाही, साध्या टाइल्स, त्यातल्या दोन तडकलेल्या.

एजंट अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोटो एआयवर सजवलेत, हल्ली सगळेच करतात. खाली लिहिलंय की." खरंच लिहिलं होतं. जाहिरातीच्या तळाशी, फोन नंबरच्याही खाली, बारीक अक्षरात 'छायाचित्रे प्रातिनिधिक'. पण चौदातले कुठले? घरी येऊन ताडून पाहिलं तर नऊ फोटो जसेच्या तसे होते. जिना, स्वयंपाकघर, बाथरूम, सगळं खरं. त्या नऊ खऱ्यांमुळेच उरलेल्या पाचांवर माझा विश्वास बसला. म्हणून अशी सूचना ज्या फोटोत फेरफार केला त्याच फोटोवर हवी, नेमकं काय बदललं ते सांगणारी, आणि शेजारी मूळ फोटोही हवा. रिकाम्या खोलीत सोफा 'ठेवून' दाखवला आणि तसं सांगितलं, तर माझी काही तक्रार नाही. सोफा मी माझाच आणणार आहे. पण खिडकीबाहेरचं दृश्य मी कुठून आणू? फरशी, खिडकीचा आकार, भिंतीतली ओल, समोरची इमारत या घराबरोबर येणाऱ्या गोष्टी. त्या बदलल्या की ती सजावट राहत नाही.

आता मला सगळ्यात लागलेली गोष्ट. परत आल्यावर तोच बेडरूमचा फोटो मोठा करून पाहिला. कपाटाच्या दाराला आरसा होता, आणि आरशात खिडकीचा एक कोपरा दिसत होता. तिथे झाडं नव्हती. राखाडी भिंत होती आणि तिच्यावर पाइपची उभी रेघ. बदलणाऱ्याने खिडकीची चौकट तेवढी निवडून तिच्यात झाडं भरली, प्रतिबिंब तसंच राहिलं. टोकन देण्याआधी दोन बोटांनी फोटो ताणला असता तरी कळलं असतं.

दुसरी खूण पलंगाची. घरातलं दार साधारण अडीच-तीन फूट रुंद असतं आणि डबल बेड पाच फूट. म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर असतील, तर पलंग जवळजवळ दोन दारांएवढा दिसायला हवा. या फोटोत तो दारापेक्षा जेमतेम वीतभर जास्त होता. खोली मोठी दाखवायला भिंती हलवाव्या लागत नाहीत, पलंग आक्रसला की पुरतं. नऊ बाय दहाच्या त्या खोलीत खरा पलंग ठेवला तर दोन्ही बाजू मिळून चारच फूट उरतात. फोटोत मात्र एका बाजूला टेबल-खुर्ची होती आणि दुसरीकडे मोकळी वाट. खिडकीशेजारचा स्विचबोर्डही गायब होता. तो बहुतेक कुणी मुद्दाम पुसला नसेल, चित्र नव्याने बनताना भिंतीबरोबर गुळगुळीत झाला असेल.

आता मी फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवते. चॅटवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि आतली माहिती बरेचदा निघून जाते. काही एआय साधनं फाइलमध्ये तशी नोंद ठेवतात, ती सापडली तर प्रश्न मिटला. सापडली नाही म्हणून फोटो खरा ठरत नाही, स्क्रीनशॉट घेतला तरी ती पुसली जाते. त्यामुळे माझा खरा भरवसा व्हिडिओ कॉलवर. दारातून सुरुवात, मध्ये न थांबता खिडकीपर्यंत, खिडकी उघडून फोन बाहेर धरायचा आणि डावी-उजवीकडे सावकाश फिरवायचा. "नेटवर्क नाही" असं नेमकं खिडकीपाशीच ऐकू आलं, तर समजून घ्या. नकाशावर उपग्रहचित्र पाहते, पण ते जुनं असू शकतं. मधल्या काळात शेजारी इमारत उभी राहिली असेल तर त्यात दिसणार नाही.

टोकनचे अर्धे पैसे परत मिळाले, तेही आरशाचा तो कोपरा कापून एजंटला पाठवल्यावर. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. झाडं तीच आहेत, सूचना तळाशीच आहे. कपाटाला आरसा मात्र आता नाही.