मला मोनोफोकल, ताईला मल्टिफोकल : आता चष्मा किती लागतो

माझ्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नऊएक महिने होऊन गेले, ताईच्याला वर्ष होत आलं. ऑपरेशनमध्ये डोळ्यात बसवायची लेन्स तिने मल्टिफोकल घेतली, मी मोनोफोकल. ओळखीतलं कुणी ऑपरेशनला निघालं की आम्हा दोघींना एकच प्रश्न येतो, ‘चष्मा सुटला का?’ तिचा बराचसा सुटला, माझा अर्धा. पण हे अर्धं म्हणजे नेमकं काय, ते ऑपरेशनच्या आधीच ठरवता येतं आणि ठरवावं लागतं. समुपदेशनाच्या टेबलावर मात्र आपल्यासमोर लेन्सच्या किमतींचा कागद येतो आणि बोलणं तिथेच अडकतं.

मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्पष्ट दाखवते. ते अंतर कोणतं, हे आपण आणि डॉक्टर मिळून निवडतो. बहुतेकांचं लांबचं ठेवतात, मग टीव्ही, रस्ता, समोरच्याचा चेहरा बिनचष्म्याने दिसतो आणि वाचायला साधारण अडीचचा चष्मा लागतो. मला आयुष्यभर उणे तीनचा नंबर. माझ्यासारख्या मायनस नंबरवाल्यांना एक सवय असते, चष्मा काढला की सुईत दोरा ओवता येतो, गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक वाचता येतं. दोन्ही डोळे लांबसाठी ठेवले असते, तर नेमकं हेच गेलं असतं. डॉक्टरांनी ते आपणहून सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मी ‘लांबचं स्पष्ट’ ऐकून खूश झाले असते.

त्यांनी दुसरा पर्यायही दिला होता, दोन्ही डोळ्यांत उणे अडीच ठेवायचा. वाचन बिनचष्म्याने, बाहेर पडताना चष्मा. सतत वाचणाऱ्या, फारसं बाहेर न पडणाऱ्या माणसाला तो छान आहे. मी गाडी चालवते, म्हणून मधला मार्ग घेतला. उजवा डोळा लांबसाठी आणि डावा उणे सव्वावर. प्रबळ डोळा कोणता ते आधी पाहिलं. दोन्ही तळव्यांची खिडकी करून लांबची वस्तू पाहायची आणि एकेक डोळा मिटायचा, जो उघडा असताना वस्तू खिडकीत राहते तो प्रबळ. तो लांबचा. मग ट्रायल फ्रेममध्ये भिंगं घालून मला वॉर्डच्या कॉरिडॉरमध्ये हिंडवलं. मोतीबिंदूमुळे चित्र धुरकटच होतं, पण दोन डोळ्यांतला फरक डोक्याला चालतोय की घेरी येतेय, एवढं त्यातूनही कळतं.

उणे सव्वा म्हणजे डाव्या डोळ्याचं स्पष्ट अंतर साधारण ऐंशी सेंटिमीटर. लॅपटॉप, स्वयंपाकाचा ओटा, दुकानातल्या फळीवरच्या किमती, मोबाईल हात लांब केला तर, हे सगळं चष्म्याविना होतं. वर्तमानपत्र चाळीस सेंटिमीटरवर धरतो, तिथे डावा डोळा कमी पडतो. मथळे वाचते, अग्रलेखाला चष्मा घेते. इथे एक बारकावा आहे. रस्त्यावर मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही काचा सारख्या असतात आणि मला उजवीकडे अडीच, डावीकडे सव्वा लागतो. म्हणून बनवूनच घ्यावा लागला. रात्री गाडी चालवायला दुसरा चष्मा आहे, त्यात डाव्या डोळ्याचा उणे सव्वा भरून काढलेला. दिवसा त्याची गरज नाही. पावसाळी रात्री हायवेला मात्र तो चष्मा लावला की समोरच्या गाडीचं अंतर चटकन कळतं.

दोन ऑपरेशनांच्या मधले काही आठवडे वाईट गेले. उजवा डोळा शून्याच्या आसपास, डावा अजून उणे तीन. जुन्या चष्म्याची उजवी काच काढून ठेवली, तरी दोन डोळ्यांना दोन आकारांची चित्रं दिसत होती आणि पायऱ्या उतरताना कठडा सोडवत नव्हता. याबद्दल आधी कुणी फारसं बोलत नाही.

ताईचं प्रकरण वेगळं. तिला प्लस नंबर, म्हणजे लांबलाही चष्मा आणि जवळलाही. पूर्वी बिनचष्म्याने तिला कुठलंच अंतर नीट नव्हतं, त्यामुळे मल्टिफोकल लेन्स तिला मानवली. तिच्या लेन्सवर बारीक वर्तुळाकार कडी कोरलेली असतात. आत येणारा प्रकाश ती लांब, मध्यम आणि जवळ असा वाटून देतात. वाटणी आली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येणार, आणि थोडा प्रकाश वायाही जातो. म्हणून तिला भरपूर उजेडात पेपर, मोबाईल, टीव्ही काही लागत नाही, पण मंद दिव्याच्या हॉटेलात मेनूकार्डावर टॉर्च मारावी लागते. शिवाय तिचं जवळचं अंतर ठरलेलं आहे. सुईत दोरा ओवायला वस्तू डोळ्याजवळ नेली की उलट पुसट होते, तिथे ती दीडचा चष्मा लावते.

रात्रीच्या दिव्यांभोवती तिला कडी दिसतात. पहिले दोन-तीन महिने इतकी, की समोरून गाडी आली की ताई आपली गाडी चालवणाऱ्या भाच्याला ‘जरा हळू रे’ म्हणायची. आता कडी आहेत, पण तिचं लक्ष तिकडे जात नाही. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, असं तिला आधीच सांगितलेलं होतं. मी मात्र रात्रीची गाडी चालवणारी, मला ती सवय होण्याची वाट बघायची नव्हती. किंमत हे कारण नंतरचं. अर्थात माझ्या विम्यात साध्या लेन्सचा खर्च बसला आणि ताईला वरची बरीच रक्कम खिशातून घालावी लागली, हेही खरं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात ताईला वाचताना अक्षरं विरल्यासारखी दिसू लागली. ओळखीतल्या एकाने लगेच सांगितलं, ‘लेन्समागची पिशवी गढूळ झाली असेल, लेझर मारून घ्या.’ ते होतंही आणि याग लेझरने काही मिनिटांत साफही होतं. पण तिच्या डॉक्टरांनी घाई केली नाही. मल्टिफोकल घेतलेल्या पेशंटची तक्रार असेल तर आधी उरलेला नंबर आणि डोळ्याचा कोरडेपणा तपासतात, कारण लेझरने पिशवीला भोक पडलं की पुढे लेन्स बदलायची वेळ आली तर ते काम अवघड होतं. तिच्या बाबतीत पिशवी स्वच्छ होती, डोळे कोरडे होते. डोळे ओले ठेवणारे थेंब महिनाभर नियमित घातल्यावर अक्षरं पुन्हा ठाशीव झाली. मलाही कोरडेपणा आहे, पण मोनोफोकलमध्ये त्याने एवढा फरक पडत नाही. उरलेल्या अर्ध्या नंबराचंही तसंच. माझ्या डाव्या डोळ्यात थोडा सिलिंडर नंबर राहिला आहे, मला तो जाणवतही नाही. ताईच्या लेन्सला तेवढ्याने धूसर दिसलं असतं. म्हणूनच सिलिंडर जास्त असेल तर मल्टिफोकलमध्येही तो भरून काढणारा टोरिक प्रकार घ्यावा लागतो, आणि टोरिक मोनोफोकलमध्येही मिळते.

आता मामांची पाळी आहे. त्यांनी ताईचं बघून मल्टिफोकलच हवी म्हणून हट्ट धरला होता. त्यांचा मधुमेह जुना. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी तपासणीत पडद्याच्या मध्यभागी सूज निघाली, आणि डॉक्टरांनी ती लेन्स द्यायला साफ नकार दिला. ज्या पडद्यावर आधीच चित्र फिकं पडतंय, त्याला वाटून आलेला प्रकाश पुरणार नाही. आधी सुजेवरचा उपचार, मग मोनोफोकल, तीही लांबसाठी, आणि वाचायला चष्मा. मामा जरा फुगून बसले आहेत.