टकलावरचे खरखरीत चट्टे: नायट्रोजनचा फवारा की मलम?

ब्रिस्बेनमधला आमचा शेजारी ६८ वर्षांचा, गोरापान. सगळा जन्म उसाच्या शेतात गेला आणि टोपी घालायची सवय लागली ती पन्नाशीनंतर. त्याच्या टकलावरचे चट्टे नीट दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखे खरखरतात. पापुद्रा खरवडला तरी काही दिवसांत परत धरतो. हे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी बिघडलेल्या त्वचापेशी. एखादा चट्टा वर्षभरात कर्करोगात बदलण्याची शक्यता साधारण एक टक्क्याहूनही कमी असते, काही तर आपोआप जातात. अडचण अशी, की कुठला बिघडेल हे आधी सांगता येत नाही.

त्याच्यापुढे दोन पर्याय होते.

द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. डॉक्टर काही सेकंद फवारतात, झोंबतं, फोड येतो, खपली धरते आणि दोनेक आठवड्यांत पडते. काम एका भेटीत संपतं. पण यश गोठवण्याच्या वेळेवर ठरतं: ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात पाच सेकंदांपेक्षा कमी गोठवलेल्यांपैकी ३९ टक्के चट्टे पूर्ण गेले, वीस सेकंदांहून जास्त गोठवलेल्यांपैकी ८३ टक्के. जास्त गोठवलं की पांढरा डाग राहण्याची भीती वाढते. शिवाय फवारा पडेल तेवढीच जागा सुधारते.

फ्लुओरोयुरॅसिलचं पाच टक्क्यांचं मलम सगळ्या टकलावर, दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे लावायचं. न दिसणारे चट्टेही त्यात उघडे पडतात. आठवड्याभरात डोकं लालबुंद होतं, मग खपल्या, ओल. इथेच बरेच जण घाबरून मलम सोडतात. पण ही लाली म्हणजे औषध काम करतंय. नेदरलँड्समध्ये २०१९ साली चार उपचारांची तुलना झाली, त्यात हेच पहिलं आलं: वर्षभरानंतर चारपैकी तीन रुग्णांचे बहुतेक चट्टे गेलेले होते. (वरचे आकडे चट्ट्यांचे, हे रुग्णांचे, दोन्ही थेट शेजारी ठेवू नका.) गरोदरपणात हे मलम चालत नाही, आणि कुत्र्यामांजराने चाटलं तर त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

माझं मत: दोन-चार सुटे चट्टे असतील तर नायट्रोजन, टक्कल भरलं असेल तर मलम. शेजाऱ्याचे मी अकरा मोजले होते. त्यातला कानामागचा एक मात्र जाड होता, दाबल्यावर दुखायचा. असा चट्टा, किंवा रक्त येणारा, झपाट्याने वाढणारा, दोन्हींपैकी कशानेही झाकायचा नसतो. आधी तुकडा तपासायला पाठवायचा. डॉक्टरांनी तेच केलं.

आपल्या सावळ्या कातडीला हा त्रास क्वचितच होतो. रंगद्रव्य जन्मतःच नसलेल्यांना मात्र महाराष्ट्रातही तरुणपणीच होतो, त्यांनी वाट पाहू नये.

शेजाऱ्याने मलम निवडलं, पण नातीच्या लग्नाचे फोटो निघाल्यावर. कुत्र्याला तेवढे दिवस त्याच्या उशीवर मज्जाव आहे.