पाच वर्षांची 'एफडी' म्हणून घेतली, निघाली वीस वर्षांची पॉलिसी

फेब्रुवारी 2023. जळगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला नोकरी लागून आठ महिने झाले होते. पगार महिन्याला 36 हजार. एचआरचा मेल आला, टॅक्स बचतीचे पुरावे जमा करा. मी घाबरून पगाराचं खातं होतं त्या बँकेत गेलो. टेबलामागच्या साहेबांनी गाव विचारलं. यावल तालुका म्हटल्यावर चहाच मागवला.

"भाऊ, वर्षाला पन्नास हजार टाका. पाच वर्षांची टॅक्सवाली एफडी. शेअर मार्केटसारखा परतावा, आणि शेवटी एक रुपया टॅक्स नाही."

तीन गोष्टी सांगितल्या आणि तिन्ही बाजारात खरंच मिळतात. फक्त एकाच योजनेत मिळत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. पाच वर्षांची टॅक्स सेव्हर एफडी असते, पण तिच्या व्याजावर दरवर्षी टॅक्स लागतो. मार्केटचा परतावा ईएलएसएस म्युच्युअल फंडात मिळू शकतो. तिथे पैसे तीनच वर्षं अडकतात (एसआयपी असेल तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजायची), पण हमी कसलीच नाही, आणि वर्षाला सव्वा लाखाच्या वर नफा काढला तर आज त्यावर साडेबारा टक्के टॅक्स आहे. शेवटी पूर्ण करमुक्त म्हणजे पीपीएफ. त्याची मुदत मात्र पंधरा वर्षं, आणि व्याज 2020 पासून 7.1 टक्के. साहेबांनी एकाची मुदत, दुसऱ्याचा परतावा आणि तिसऱ्याची करमाफी उचलली आणि चौथीच वस्तू माझ्या गळ्यात मारली: आयुर्विम्याची एंडोमेंट पॉलिसी. दहा वर्षं हप्ते, पैसे विसाव्या वर्षी.

सही करताना ते म्हणाले, "कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा." मी हो म्हणालो. मुदत वीस वर्षं, कळलं का? हो. तेच रेकॉर्डिंग पुढे माझ्यावर उलटलं.

बाँड मार्चमध्ये पोस्टानं गावाच्या पत्त्यावर गेला. आईनं तो कपाटात, जमिनीच्या कागदांजवळ ठेवला. मी आखाजीला घरी गेलो तेव्हा उघडला. 'प्रीमियम भरण्याचा कालावधी 10 वर्षे' ही ओळ वाचली आणि पुढ्यातली पुरणपोळी तशीच राहिली. पॉलिसी परत करायला तेव्हा बाँड हातात पडल्यापासून 15 दिवस मिळायचे (आता 30 मिळतात). ते केव्हाच उलटले होते.

मग वहीत हिशोब मांडला. भरायचे पाच लाख, आणि बोनस धरून कागदावर दाखवलेले साधारण अकरा लाख. दुप्पट दिसतात खरे, पण वीस वर्षांत! वर्षाला व्याज पडतं पाच टक्क्यांच्या जरासंच वर. तेच हप्ते पीपीएफमध्ये टाकून खातं वीस वर्षांपर्यंत वाढवलं, आणि दर आजचाच राहिला, तर पावणेपंधरा लाखांच्या आसपास होतात. दोन्हीकडे शेवटी टॅक्स शून्य. पॉलिसीत विमा असतो म्हणाल, तर माझा होता पाच लाखांचा. उद्या मी गेलो तर तेवढ्यात घर किती दिवस चालणार?

खरी चपराक पुढे बसली. कारखान्यातल्या अकाउंट्सच्या काकांनी माझी स्लिप बघितली आणि हसले. वर्षाचे 4 लाख 32 हजार, त्यातून 50 हजारांची स्टँडर्ड डिडक्शन गेली. करपात्र उत्पन्न पाच लाखांच्या आत, म्हणजे रिबेटमुळे टॅक्स शून्य. एक रुपयाही गुंतवला नसता तरी शून्यच! वाचवायला टॅक्स नव्हताच. आज तर नव्या पद्धतीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही, आणि त्या पद्धतीत अशा गुंतवणुकीची वजावटही मिळत नाही. तरी जानेवारी-फेब्रुवारीत 'टॅक्स वाचवा' म्हणत माणसं फिरतातच.

कंपनीकडे तक्रार केली. उत्तरात माझी सही आणि फोनवरचे माझे 'हो'. साहेब जे बोलले ते तोंडी, माझ्याकडे साधा व्हॉट्सॅप मेसेजही नव्हता. उत्तर आल्यापासून वर्षभरात पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. पुराव्याअभावी मी गेलो नाही. ती माझी दुसरी चूक.

दुसऱ्या हप्त्याचा मेसेज आला तेव्हा दोन रात्री झोप लागली नाही. न भरला तर पहिले 50 हजार बुडणार, कारण माझी पॉलिसी दोन हप्त्यांआधी मोडली तर परत काही मिळणार नव्हतं, सरेंडर व्हॅल्यूच नव्हती. भरून लगेच मोडली, तर एक लाखातले 30 हजारांच्या आसपास हाती. म्हणजे आणखी 50 टाकून 30 परत घ्यायचे. नाही भरला. ऑटो-डेबिट बंद करायला त्याच शाखेत जावं लागलं. साहेबांची बदली झाली होती.

बाँड अजून कपाटात आहे. मागच्या दिवाळीत मी फाडायला काढला, तर आईनं हातातून ओढून घेतला. "राहू दे," म्हणाली, "पन्नास हजारांचा कागद आहे."