घरी ब्लाऊज शिवायला घ्यायचेत: घरच्यांना सांगायचं कसं, वेळ कोणती, मशीन कुठं?

समजा वन बीएचके घर आहे. सासू-सासरे सोबत राहतात, नवरा सकाळी साडेआठला जातो तो रात्री आठला येतो, मुलगी दुपारी साडेबाराला शाळेतून परतते. क्लास झालाय, मोटर लावलेलं मशीन आहे, हात बरा बसलाय. आठवड्याला पाच-सहा अस्तराचे ब्लाऊज घ्यायचे, एवढाच बेत. आणि घरात विषय काढला की ऐकू येतं, ‘‘काय कमी पडतंय आपल्याला?’’

हा प्रश्न पैशांचा वाटतो, पण बहुतेक घरांत तो पैशांचा नसतो. त्याच्या मागे साधारण तीन काळज्या असतात: दारात सारखी परकी माणसं येतील, जेवणाच्या वेळा चुकतील, हॉलभर चिंध्या पसरतील आणि मशीन खडखडत राहील. यातली नेमकी कोणती, हे आधी काढून घ्यायला हवं. कारण वेळ आणि जागा त्यावर ठरते. ‘मलाही स्वतःचं काहीतरी करायचंय’ हे खरं असलं तरी त्याने यातली एकही काळजी कमी होत नाही. सरळ विचारावं: ‘‘आई, मी शिवायला घेतलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होईल?’’ पहिलं उत्तर ‘‘लोक काय म्हणतील’’ असंच येईल. तिथे वाद न घालता थांबलं तर दुसरं वाक्य येतं, आणि कामाचं असतं ते दुसरंच. ‘‘अगं, दुपारी जरा डोळा लागतो तर बेल वाजते.’’ झालं, कळलं काय ते.

आधी सांगून, की करून दाखवून?

पहिली पद्धत म्हणजे सगळ्यांना बसवून सांगायचं आणि होकार घेऊन सुरू करायचं. दुसरी म्हणजे महिनाभर घरच्याच साड्यांचे फॉल आणि नात्यातल्या दोघी-तिघींचे ब्लाऊज करायचे आणि मग बोलायचं. पहिलीत मनात काही लपवलेलं राहत नाही, पण ज्यांनी काम पाहिलेलंच नाही ते कल्पनेतल्या पसाऱ्याला नकार देतात. दुसरीत पसारा केवढा आणि वेळ किती, हे सगळ्यांना दिसतं. तिचा धोका एवढाच, की महिनाभर फुकट शिवलं तर ‘ती शिवून देते’ ही सवय नातेवाइकांना लागते. म्हणून पहिल्या ब्लाऊजपासून, अगदी नणंदेकडूनही, थोडे का होईना पैसे घ्यावेत.

दोन्हींचं मिश्रण जास्त टिकतं: ‘‘एक महिना करून बघते, महिन्याच्या शेवटी बसून ठरवू.’’ कायमचा होकार मागितला तर माणूस बिचकतो, महिन्याचा द्यायला जड जात नाही.

नवऱ्याशी आधी बोलावं हे बरोबर. पण निरोप त्याच्या हाती देऊ नये. ‘‘तिला करायचंय म्हणते’’ एवढंच तो सांगतो, वेळ-जागेचा तपशील वाटेत गळून जातो. तो शेजारी बसलेला असावा आणि बोलणं आपण करावं.

विजेचा मुद्दा निघाला तर तिथल्या तिथे हिशोब मांडता येतो. साधी मोटर सुमारे १०० वॅटची. रोज दोन तास आणि महिन्याला २२ दिवस धरले तर साडेचार युनिटसुद्धा होत नाहीत. खरी वीज खाते इस्त्री: १००० वॅटची इस्त्री रोज वीस मिनिटं सलग तापली तरी महिन्याला साधारण सात युनिट. दोन्ही मिळून बारा. घरचा वापर १०० युनिटच्या काठावर असेल तर पुढचे युनिट महावितरणच्या महाग टप्प्यात पडतात, तेही आधीच सांगून टाकावं. इस्त्रीची कामं एकदम उरकली की हा आकडा आणखी उतरतो.

वेळ: सलग, तुकड्यात, की रात्री?

अस्तराच्या साध्या ब्लाऊजला बऱ्या हाताने कटिंगला अर्धा-पाऊण तास, मशीनवर दीड तास आणि हुक-काज-हातशिलाईला चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे जवळजवळ तीन तास. यातला आवाज फक्त मधल्या दीड तासाचा आहे. कटिंग आणि हातशिलाई बिनआवाजाची. वेळ या फरकावर बेतायची.

| पर्याय | जमेची बाजू | कुठे फसतं |
|---|---|---|
| दुपारी २ ते ५ सलग | कामाची लय तुटत नाही | वामकुक्षीच्या वेळी मशीन, मुलगी घरी |
| १० ते १२ मशीन, ३ ते ४ बिनआवाजाचं | जेवण आणि झोप दोन्ही सांभाळतं | सकाळचा स्वयंपाक दहाच्या आत लागतो |
| रात्री १० नंतर | दिवसभर कुणाची हरकत नाही | डोळे, शेजारी, आणि काम ‘उरल्या वेळेचं’ ठरतं |

वर सांगितलेल्या घराला मधला पर्याय बसतो. दहा ते बारा मशीन आणि उरलेल्या वेळात उद्याच्या ब्लाऊजचं कटिंग, साडेबाराला मुलगी, एकला जेवणं, तीन ते चार हुक-काज आणि राहिलेलं कटिंग. दोन्ही मिळून तीन तास, म्हणजे दिवसाला एक ब्लाऊज.

रात्रीचा पर्याय सगळ्यात कमी भांडणाचा वाटतो, म्हणून बऱ्याच जणी तोच धरतात. आमच्या मते तो सगळ्यात वाईट. काळ्या कापडावर काळा दोरा दिव्यात दिसत नाही, उसवाउसवी वाढते. आणि एकदा घराने तिचं काम रात्री पाहिलं की दिवसाची वेळ पुन्हा मागता येत नाही.

ठरलेल्या वेळेत ‘‘जरा चहा टाक गं’’ येणारच. तिथे ‘माझी कामाची वेळ आहे’ म्हणण्यापेक्षा ‘‘ही बाही लावून उठते, दहा मिनिटं’’ म्हणावं आणि खरंच दहा मिनिटांत उठावं. अर्ध्यात उठलं की बाहीची चुणी सरकते आणि परत उसवायला वीस मिनिटं जातात. हे दोन वेळा समोर करून दाखवलं की सासूबाई स्वतःच शिवण संपेपर्यंत थांबतात.

जागा: हॉल, बेडरूम, की बाल्कनी?

मशीनचा टेबल साधारण तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद. मागे खुर्ची धरून तीन बाय चार फुटांची जागा लागते. कटिंगला वेगळी जागा नको, जेवणाचं टेबल किंवा जमिनीवर चादर चालते, मात्र ती रोज उचलली गेली पाहिजे.

हॉलचा कोपरा उजेडाला चांगला, पण तिथे सासऱ्यांचा टीव्ही असतो, आणि माप घ्यायला आलेल्या बाईला आडोसा नाही. बेडरूममध्ये आडोसा आहे, पण गिऱ्हाईक घर ओलांडून आत जातं, आणि नेमकं हेच ज्येष्ठांना खुपतं. बंद केलेली बाल्कनी दिसायला सगळ्यात आटोपशीर. तिथे पावसाळ्यात सुया आणि बॉबिन-केस गंजतात, आणि पश्चिमेकडची असेल तर उन्हाने गिऱ्हाइकाचं कापड विटतं. बाल्कनीतच बसायचं असेल तर कापड आत कपाटात ठेवावं, बाहेर फक्त मशीन.

हॉलचाच कोपरा घेतला तर दोन गोष्टी कराव्यात. टेबल भिंतीला टेकवू नये, दोन बोटं अंतर सोडावं आणि पायांखाली जाड रबराचे तुकडे द्यावेत. निम्मा खडखडाट भिंत आणि फरशीतून जातो, खालच्या मजल्याची तक्रारही त्याचीच असते. दुसरं, बाराला उठताना चिंध्या पिशवीत, मशीनवर झाकण, आणि सुया मोजून डबीत. घरात लहान मूल असेल तर लादीवरून चुंबक फिरवावा. बाराला हॉल पुन्हा हॉल दिसला पाहिजे.

गिऱ्हाईक घरी, की दुकानाचं काम?

आक्षेप मशीनवर असतो असं वाटतं, पण बहुतेक वेळा तो बेलवर असतो. आठवड्याला सहा ब्लाऊज म्हणजे देणं आणि नेणं मिळून बारा फेऱ्या, शिवाय ट्रायल आणि ‘जरा सैल कर’. वेळ न ठरवता घेतलं तर या फेऱ्या सात दिवसांत विखुरतात आणि घराला वाटतं, दिवसभर माणसं येताहेत. मंगळवार आणि शनिवार संध्याकाळी साडेचार ते सहा एवढंच दार उघडं ठेवलं तर त्याच फेऱ्या दोन संध्याकाळींत संपतात. बसणारा जुना ब्लाऊज मापाला मागून घेतला की माप आणि ट्रायल दोन्ही टळतात. फक्त तो ब्लाऊज कुठे घट्ट, कुठे सैल, हे घेतानाच वहीत लिहून घ्यायचं. नाहीतर जुनी चूक नव्या ब्लाऊजमध्ये उतरते.

तरीही परकं माणूस नकोच असं घर म्हणत असेल, तर बुटीक किंवा टेलरकडून कट केलेला माल आणून नगावर शिवून द्यायचा. मजुरी कमी मिळते, गिऱ्हाईक आपलं होत नाही, पण दारात कुणी येत नाही. लिज्जतच्या भगिनी भिजवलेलं पीठ घरी नेतात आणि लाटलेले पापड केंद्रावर आणून देतात, ती व्यवस्था याच जातीची आहे. नवखी असेल आणि घर कडक असेल तर पहिले सहा महिने हाच मार्ग धरावा. हात वेगवान होतो आणि घरालाही मशीनची सवय होते.

करार मोडतो तो आपल्याच हातून

लग्नसराई आली की ‘‘फक्त दोनच गं, मुलीच्या हळदीला’’ असं म्हणत दहा ब्लाऊज येतात. मग रात्री बारापर्यंत मशीन, एकचं जेवण दोनला, आणि ‘मी म्हटलं नव्हतं?’ हे ऐकावं लागतं. म्हणून वहीत आठवड्याच्या पानावर आधीच सहा रेघा मारून ठेवाव्यात. सहावी भरली की पुढच्याला पुढच्या आठवड्याची तारीख. गौरी-गणपतीचे आणि पाहुण्यांचे दिवस आधीच काट मारलेले असावेत. एका आठवड्यात दोनदा जेवणाला उशीर झाला किंवा तीन रात्री हुक लावत बसावं लागलं, तर पुढच्या आठवड्यात एक रेघ कमी.

हे सगळं तिथेच चालतं जिथे हरकत सोयीची आहे. काही घरांत वेळ-जागा कितीही बदलली तरी उत्तर ‘नाही’च असतं, किंवा होकार मिळतो पण आलेले पैसे काढून घेतले जातात. पैसे सुरुवातीपासून स्वतःच्या खात्यात यावेत, क्यूआर कोडही त्याच खात्याचा असावा. बळजबरीने पैसे काढून घेणं, मारहाणीची धमकी देणं हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कक्षेत येतं, आर्थिक छळ त्यात वेगळा नमूद आहे. महिला हेल्पलाइन १८१ वर बोलता येतं. तिथे सासूबाईंच्या झोपेची वेळ सांभाळून काही सुटत नाही.

बाकी घरांत महिन्याच्या शेवटी वही समोर ठेवून बसावं: किती ब्लाऊज, किती पैसे, किती वेळा जेवणाला उशीर. मग पुन्हा तोच प्रश्न, त्रास कशाचा झाला? उत्तर आलं की एकच गोष्ट बदलावी, बेलची वेळ किंवा मशीनची जागा. दोन्ही एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.