रंगवलेल्या चेहऱ्यावरून फेस स्वॅप: जुने फोटो साफ करायचे की चेहरा पुन्हा शूट करायचा?

नागपुरात लघुपट करणाऱ्यांपुढे हा पेच दिवाळीनंतर हमखास येतो. झाडीपट्टीचा नट ठरला, चेहरा वापरायला त्याची परवानगीही मिळाली, पण हंगाम लागला की तो वडसा भागात रात्ररात्र नाटकं करत असतो. डबलच्या अंगावर त्याचा चेहरा बसवायला हाताशी उरतात रंगमंचावरचे फोटो: पॅनकेकचा जाड थर, कोरलेल्या भुवया, ठसठशीत काजळ.

एका फोटोवर भागणारं मॉडेल, म्हणजे inswapper_128 सारखं, फोटोतली त्वचा उचलून चिकटवत नाही. फोटोवरून चेहऱ्याची ५१२ आकड्यांची ओळख काढली जाते आणि तिच्यावरून १२८×१२८ पिक्सेलचा चेहरा नव्याने तयार होतो. म्हणून पॅनकेकचा रंग फारसा पुढे जात नाही. भुवयांचा आकार आणि वाढवलेली ओठांची कड मात्र जाते, कारण मॉडेलला ती चेहऱ्याची ठेवणच वाटते.

अशा कामाला जुना फोटो साफ केला तरी चालतं, फक्त मेहनत योग्य जागी हवी. रंग आणि पोत वेगवेगळ्या लेयरवर घ्या. चेहरा हजारेक पिक्सेल रुंद असेल तर खालच्या, रंगाच्या लेयरला ८ ते १० पिक्सेलच्या ब्लरपासून सुरुवात करा. खालच्या लेयरवर त्वचेचा रंग कानामागून घ्या, कारण मानेपर्यंत पॅनकेक असतोच. मग भुवया आणि ओठ खऱ्या कडेपर्यंत आत आणा. ही कड बघायला नटाचा एखादा साधा फोटो, अगदी लग्नातला का होईना, मागून घ्या. मेकअप आपोआप काढणारी मॉडेल्स हलक्या मेकअपला ठीक आहेत. पूर्ण रंगवलेल्या तोंडाखालची त्वचा ती अंदाजानेच बनवतात आणि तीळ, व्रण गायब होतात.

DeepFaceLab चं गणित उलटं आहे. तिथं मॉडेल त्या नटाच्या शेकडो-हजारो फ्रेमवर शिकतं आणि काजळासकट शिकतं. rct सारखा कलर ट्रान्सफर सगळ्या चेहऱ्याचा रंग सरकवतो, रेघ तिथंच राहते. इतक्या फ्रेम हाताने साफ करणं परवडत नाही, आणि प्रत्येक फ्रेम थोडी वेगळी साफ झाली तर हलत्या चित्रात ओठांची कड थरथरते. क्लोजअप असतील तर माझं मत सरळ आहे: नटाची एक दुपार मागा आणि चेहरा पुन्हा शूट करा.

कुठलाही मार्ग घ्या, तपासायचं पापणीवर. डबल डोळे मिटतो त्या फ्रेमवर थांबा. पापणीवर काळपट पट्टा दिसला, तर मेकअप अजून आत आहे.

पुन्हा शूट करताना खोबरेल तेलाने रंग काढल्यावर लगेच कॅमेरा लावू नका. चोळून त्वचा लाल झालेली असते, तेलाची चकाकीही असते. चेहरा धुऊन अर्धा तास जाऊ द्या, मग मऊ प्रकाशात त्याला बोलायला, डोळे मिचकवायला आणि मान सावकाश दोन्हीकडे वळवायला सांगा.