अपटाइम कुमा की प्रोमेथियस: साइट पडल्याची खात्री कोण नीट करतं?

एक तपासणी फसली म्हणून कुणाला झोपेतून उठवायचं नाही, पुन्हा विचारून खात्री करायची आणि मगच अलर्ट पाठवायचा, एवढं साइटवर लक्ष ठेवणारी ही दोन्ही साधनं करतात. मी दोन्ही वापरून पाहिलीत.

कुमाची पद्धत लगेच पटते. दर 60 सेकंदांनी तपासणी होते. ती फसली की मॉनिटर पेंडिंगमध्ये जातो आणि `Heartbeat Retry Interval` प्रमाणे, समजा 20 सेकंदांनी, पुन्हा विचारतो. `Retries` 3 ठेवले तर पहिली धरून सलग चौथी तपासणी फसल्यावरच डाउन. (नेगिऑस या अशाच साधनाची सवय असलेल्यांनी जपून, तिथल्या `max_check_attempts` मध्ये पहिली तपासणीही मोजली जाते.) चाळीसेक सेकंदांचा रीस्टार्ट यात आरामात खपून जातो.

प्रोमेथियसमध्ये हेच काम बाहेरून साइट तपासणारा ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर आणि अलर्टच्या नियमातलं `for: 1m` करतं, म्हणजे अट सलग मिनिटभर खरी राहिली तरच अलर्ट. फसल्यावर तपासणीचा वेग वाढत नाही, म्हणून मुळातच 15 सेकंदांनी तपासत राहावं लागतं. शिवाय अलर्ट पोहोचवायला अलर्टमॅनेजर वेगळा लावा, यॅमल लिहा. इथवर कुमाच सरस वाटेल, आणि मलाही वाटत होता.

मला खटकली ती सलगपणाची अट. विनंत्या वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरमागे आमचे दोन सर्व्हर होते, त्यातला एक आजारी पडला. निम्म्या लोकांना साइट दिसेना. कुमा मात्र पेंडिंग, मग हिरवा, पुन्हा पेंडिंग, असं करत राहिला. एक यशस्वी उत्तर आलं की त्याची मोजणी शून्यावर येते, त्यामुळे चौथ्या अपयशापर्यंत तो क्वचितच पोहोचतो. प्रयत्न वाढवावेत तर असा बिघाड आणखी खोल दडतो. `for` लाही नेमका हाच आजार आहे. पण प्रोमेथियसमध्ये सलगपणा सोडून, यशस्वी तपासणीला 1 आणि फसलेलीला 0 धरून, सरासरी मागता येते:

```
avg_over_time(probe_success[5m]) < 0.7
```

पाच मिनिटांत साधारण 20 तपासण्या होतात. रीस्टार्टमध्ये तीन फसल्या तर सरासरी 0.85, म्हणजे शांतता. एक सर्व्हर मेला तर 0.5 च्या आसपास, म्हणजे अलर्ट. साइट पूर्ण पडली तर सातव्या अपयशाला, दोन मिनिटांच्या आत कळतं. `for` लागतच नाही.

याचीही किंमत आहेच. मोठा बिघाड दुरुस्त झाल्यावर अलर्ट तीन-साडेतीन मिनिटं रेंगाळतो, कारण जुनी अपयशं पाच मिनिटांच्या खिडकीबाहेर जायला वेळ लागतो. आणि तपासणाऱ्या मशिनचंच नेटवर्क गेलं तर दोघंही सारखेच फसतात. त्यावर दुसऱ्या जागेवरून तपासणं हाच उपाय.

एकच सर्व्हर असेल तर कुमा लावा, उगाच यॅमलच्या नादी लागू नका. मागे दोन किंवा जास्त सर्व्हर असतील तर मी तरी सरासरीवाला नियमच ठेवेन. फक्त 0.7 हा आकडा तसाच उचलू नका, तुमचा रीस्टार्ट किती तपासण्या खातो ते आधी मोजा.